‘दिसली’ या क्रियापदाखाली काय काय लपतं

गेली बरीच वर्षं माझ्या टेबलावर गृहचौकशीचे अहवाल येतात. मी ते वाचते, त्यावर पेन्सिलीने खुणा करते आणि लिहिणाऱ्याला समोर बसवून विचारते. मग ते मूल कुठे राहावं हे ठरवणाऱ्या बाल कल्याण समितीकडे जातात. अशाच एका अहवालातला हा उतारा. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत आणि दोन-तीन वेगवेगळ्या प्रकरणांतल्या गोष्टी एकत्र केल्या आहेत. भाषा मात्र जशीच्या तशी आहे, कारण ती भाषा कुणा एकाची नाही.

“आज रोजी मुलीच्या घरी अचानक भेट दिली. घर अत्यंत अस्वच्छ होते. घरात दारूचा वास येत होता. आई उडवाउडवीची उत्तरे देत होती. तिला मुलांची काळजी नसल्याचे जाणवले. शेजाऱ्यांकडून समजले की आईचे वागणे ठीक नाही. मुलगी घाबरलेली दिसली. घरातील वातावरण मुलीच्या वाढीस पोषक नाही. सबब मुलीस बालगृहात ठेवणे योग्य राहील.”

नऊ वाक्यं. मुलगी आठ वर्षांची, धाकटा भाऊ चार वर्षांचा. रात्री साडेआठला दोघंच घरात आहेत असा फोन मुलांसाठीच्या 1098 या मदतक्रमांकावर गेला, मुलं समितीसमोर आली, तीन रात्री संस्थेत राहिली आणि आईच्या हमीपत्रावर तात्पुरती घरी गेली. आता पुढचा निर्णय या अहवालावर व्हायचा होता. आमच्याकडे नव्याने आलेल्या कार्यकर्तीने तो लिहिला होता. मुलगी हुशार, कळकळीची. अहवालात खोटं एकही वाक्य नव्हतं. तरीही मी तो परत केला.

या लेखात मला जे म्हणायचं आहे ते आधीच सांगते. समाजकार्याच्या नोंदीत मत असू नये असं माझं म्हणणं नाही. मत हवंच. कायदा शिफारस मागतो, आणि मत नसेल तर शिफारस येणार कुठून? माझी तक्रार आहे ती निरीक्षणाचे कपडे घालून येणाऱ्या मताबद्दल. अशी नोंद आईवर अन्याय करते हे आपण सहज मान्य करू. पण ती मुलालाही वाचवत नाही, हे आपल्या क्षेत्रात कुणी फारसं बोलत नाही.

नोंदीची पारख करायला माझ्याकडे एक साधी कसोटी आहे. प्रत्येक वाक्यापुढे मी त्या आईला मनातल्या मनात उभी करते आणि बघते, तिला “हे असं नव्हतं, तसं होतं” असं म्हणता येईल का? “मोरीत रात्रीची भांडी पडली होती” या वाक्यावर ती बोलू शकते. ती सकाळची होती म्हणेल, नळाला पाणी पाचला येतं म्हणेल किंवा हो, पडली होती म्हणेल. “आई निष्काळजी आहे” यावर ती काय बोलणार? “मी निष्काळजी नाही,” एवढंच. त्यावर समितीने कुणाचं ऐकायचं? फाइलवाल्या मॅडमचं, अर्थात. जे वाक्य खोडता येत नाही ते नोंदीत भक्कम वाटतं, पण खरं तर तेच सगळ्यांत पोकळ असतं.

बाल न्याय अधिनियम 2015 प्रमाणे असे अहवाल गोपनीय असतात. कलम 99 सांगतं की समितीला योग्य वाटलं तर ती अहवालाचा सारांश पालकाला कळवू शकते आणि त्याबद्दल पुरावा मांडायची संधी देऊ शकते. “शकते” असं म्हटलंय, “देईल” असं नाही. म्हणजे आपल्याबद्दल कागदावर काय आहे हे आईला कधीच न कळण्याची शक्यता कायद्यातच आहे. पोलिसांच्या पंचनाम्यावर निदान दोन पंचांच्या सह्या असतात. गृहभेटीला पंच नसतात. आत गेलेली कार्यकर्ती, तिची वही आणि तिचा प्रामाणिकपणा एवढ्यावरच सगळं चालतं.

तर, आम्ही दोघी त्या नऊ वाक्यांवर बसलो.

मी विचारलं, “अस्वच्छ म्हणजे काय पाहिलंस?”

ती म्हणाली, “ताई, अहो, सगळंच. भांडी पडलेली, दोरीवर ओले कपडे खोलीतच, गाद्या गुंडाळलेल्या नाहीत.”

“किती वाजले होते?”

“सव्वाअकरा.”

“पाणी कधी येतं तिथे?”

हे तिने विचारलं नव्हतं. नंतर कळलं, चाळीच्या सामाईक नळाला पाणी संध्याकाळी तासभर येतं. बाई सकाळी सहाला चार घरच्या धुण्याभांड्याला जाते, अकराला परतते. सव्वाअकराची भेट म्हणजे ती येऊन पंधरा मिनिटं झाली होती. “अत्यंत अस्वच्छ” या दोन शब्दांमागे प्रत्यक्षात होती ती एक वेळ, एक नळ आणि एक दमलेली बाई. हे सगळं असूनही घर अस्वच्छ होतं असं म्हणता येईल, माझी हरकत नाही. पण तो निष्कर्ष ज्यावर उभा आहे ते कागदावर आलं पाहिजे, म्हणजे वाचणाऱ्याला स्वतःचा निष्कर्ष काढता येईल.

मग दारूचा वास. वास येणं हे निरीक्षणच आहे. नाकाने केलेलं निरीक्षण डोळ्यांनी केलेल्यापेक्षा कमी नसतं. मी फक्त विचारलं, “कुठे उभी असताना आला?” दाराशी. “दाराशी कोण होतं?” कार्यकर्ती थांबली. दाराशेजारच्या खाटेवर मुलांचा काका झोपला होता. त्या अहवालात काका नावाचा माणूसच नव्हता! घरात कोण कोण हजर होतं ही नोंदीतली पहिली ओळ असायला हवी. ती गळाली, वास मात्र राहिला, आणि वाक्यांच्या क्रमामुळे तो वास पुढच्याच वाक्यातल्या आईला जाऊन चिकटला. लिहिणारीने तसं म्हटलं नव्हतं. पण वाचणारा तसंच वाचणार, मीही तसंच वाचलं होतं.

“उडवाउडवीची उत्तरे” म्हणजे एक उत्तर निघालं. संध्याकाळी किती वाजता घरी येता, असं विचारल्यावर बाई म्हणाली होती, “काही नक्की नसतं.” ते खरंच नक्की नसतं. लग्नसराईत ती आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी केटररकडे पोळ्या लाटायला जाते. जेवणावळ उठेपर्यंत सुटका नाही. प्रश्न आणि उत्तर जसंच्या तसं लिहिलं असतं तर पुढचा प्रश्न आपोआप सुचला असता: नक्की नसतं म्हणजे साधारण कधी? “उडवाउडवी” लिहिलं की चौकशी तिथेच संपते. मताचा हा मोठा तोटा आहे, ते पुढचा प्रश्न मारून टाकतं.

शेजाऱ्यांकडून समजलं म्हणजे एका शेजारणीकडून. तिचे शब्द होते, “रात्री अकराला कुणीतरी गाडीवर सोडतं हिला.” बाकीचं कार्यकर्तीच्या लेखणीने भरलं. गाडी म्हणजे केटररचा टेम्पो, त्यातून त्या गल्लीतल्या तीन बायका उतरतात. शेजारीण खोटं बोलली नव्हती. “कुणीतरी” आणि “गाडी” या दोन शब्दांतून “वागणे ठीक नाही” इथपर्यंतची उडी मात्र आपल्या बाजूची होती. बाईच्या बाबतीत ही उडी किती चटकन मारली जाते पाहा. बाप रात्री अकराला टेम्पोतून उतरला असता तर अहवालात “वडील उशिरापर्यंत कष्ट करतात” असं आलं असतं. याच कायद्याच्या कलम 3 मधलं एक तत्त्व असं की बालकाच्या प्रकरणातल्या प्रक्रियेत आरोपाची भाषा वापरू नये. ते तत्त्व प्रशिक्षणात सगळ्यांना पाठ असतं. नोंद लिहिताना ते आठवत नाही, कारण “वागणे ठीक नाही” हा आपल्याला आरोप वाटतच नाही, माहिती वाटते.

इथे मला आपल्या भाषेबद्दल थोडं बोलू द्या. सरकारी मराठीने आपल्याला काही क्रियापदं अशी दिली आहेत की त्यांना कर्ता लागत नाही. जाणवले, दिसून आले, निदर्शनास आले, समजते. कुणाला जाणवलं? कशावरून दिसून आलं? कुणाकडून समजतं? वाक्य पूर्ण होतं आणि माणूस गायब होतो. “मला वाटले” लिहायला आपण लाजतो, ते बालिश वाटतं. “जाणवले” लिहिलं की जणू भिंतीलाच जाणवलं आणि आपण फक्त टिपून घेतलं. मी कार्यकर्त्यांना सांगते, “मला वाटले” बिनधास्त लिहा, खाली सही तुमचीच आहे.

सगळ्यांत घोटाळा करतं ते ‘दिसणे’. “मुलगी रडताना दिसली” आणि “मुलगी दुःखी दिसली.” क्रियापद एकच. पहिल्या वाक्यात डोळ्यांनी पाहिलेलं आहे, दुसऱ्यात अंदाज आहे. मराठीत दोन्ही एका घरात नांदतात आणि आपण फरक न करता दोन्ही लिहीत जातो. म्हणून “घाबरलेली दिसली” हे वाक्य मी कायम थांबवते. विचारते, ती काय करत होती?

कार्यकर्तीने आठवून सांगितलं: आईच्या मागे उभी होती, पदर धरून. नाव विचारलं तर बोलली नाही. आणि मग, थोड्या वेळाने, “ताई, ती सारखी माझ्या फायलीकडे बघत होती.”

ही गोष्ट तिला आठवत होती, पण लिहिलेली नव्हती. का? कारण “घाबरलेली” हा शब्द आधी मिळाला, तो आईच्या निष्काळजीपणाच्या ओळीत छान बसला, आणि फायलीचं काय करायचं ते कळेना. जे निरीक्षण मतात बसत नाही ते गळून पडतं. मत आणि निरीक्षण वेगळं ठेवायचं ते मुख्यतः यासाठी. भाषा नीटनेटकी व्हावी हा त्यातला हेतू नाही. न बसणारी गोष्ट कागदावर टिकून राहावी हा आहे.

दुसऱ्या भेटीत मुलगी आईशिवाय, शाळेच्या व्हरांड्यात बोलली. तिने विचारलेला पहिला प्रश्न असा: “आज पण घेऊन जाणार का?” संस्थेतल्या त्या तीन रात्रींच्या आधी जी बाई तिला न्यायला आली होती तिच्या काखेतही अशीच फाइल होती. मुलगी भ्यालेली होती हे खरं, पण ती भ्याली होती आम्हाला. अहवालात मात्र तिची भीती आईच्या खात्यावर जमा झाली होती.

इथवर वाचून कुणाला वाटेल, आईला निर्दोष ठरवायला मी निघाले आहे. तसं नाही. आम्ही नोंद पुन्हा लिहिली तेव्हा ती आईला आधीपेक्षा जड गेली. नव्या नोंदीतला मधला भाग देते:

“भेट सकाळी 11.15 ते 11.50. हजर: आई, मुलगी, मुलगा, काका (दाराजवळ खाटेवर झोपलेले). एक खोली, अंदाजे दहा बाय बारा. मोरीत न घासलेली भांडी, दोरीवर ओले कपडे. आईने सांगितले की ती 11 वाजता कामावरून आली. दाराजवळ दारूसारखा वास आला. कुठून ते नक्की सांगता येत नाही. आईजवळ बसल्यावर तो आला नाही. गॅसची शेगडी जमिनीवर होती. ‘तुम्ही संध्याकाळी नसता तेव्हा मुलं कुणाजवळ असतात?’ आई: ‘दोघंच असतात. ती भावाला सांभाळते.’ ‘आठवड्यातून किती वेळा?’ आई: ‘तीनदा, चारदा. लग्नाचे दिवस असले की जास्त.’ ‘काका असतात का घरी?’ आई: ‘असला तर झोपलेला असतो.’ शाळेत (दुसरी भेट, दुपारी 1.10) मुलगी म्हणाली: ‘मी त्याला भात गरम करून देते.’ हजेरीपत्रक पाहिले, गेल्या महिन्यात 24 पैकी 22 दिवस हजर.”

आता यात बघा काय वर आलं. आठ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा भाऊ, आठवड्यातल्या तीन-चार संध्याकाळी अकरापर्यंत एकटे, जमिनीवर शेगडी, आणि भात गरम करणारी मुलगी. जुन्या नोंदीत यातलं काहीही नव्हतं. “वातावरण पोषक नाही” या वाक्याखाली तो खरा धोका झाकला गेला होता. समितीने त्या वाक्यावर मुलीला बालगृहात पाठवलं असतं किंवा एखाद्या सहृदय सदस्याने “गरिबी म्हणजे दुर्लक्ष नव्हे” म्हणून आईकडे ठेवलं असतं. दोन्ही निर्णय आंधळे झाले असते, आणि दुसऱ्या निर्णयात शेगडी तिथेच राहिली असती.

मत यानंतर, वेगळ्या मथळ्याखाली आलं. तेही इथे देते, कारण मत कसं लिहावं याबद्दल कुणी काही शिकवत नाही. “माझे मत: मुलांना आईपासून वेगळे करण्याची गरज मला दिसत नाही. आधार: शाळेची हजेरी, आईने प्रश्नांना दिलेली स्पष्ट उत्तरे, मुलीचे आईला धरून राहणे. याच्या विरुद्ध जाणाऱ्या गोष्टी: संध्याकाळी प्रौढ देखरेख नाही; मुलगी गॅस हाताळत असावी; काकांबद्दल पुरेशी माहिती नाही, मुलांशी त्याबद्दल स्वतंत्र बोलणे झालेले नाही. शिफारस: संध्याकाळच्या देखरेखीची सोय होईपर्यंत पाठपुरावा, पंधरा दिवसांत दोन भेटी, काकांशी भेट.” “विरुद्ध जाणाऱ्या गोष्टी” ही ओळ मी सक्तीची केली आहे. ती कोरी आली तर अहवाल परत जातो. माणसाच्या आयुष्याबद्दल मत बनवलं आणि विरुद्ध काहीच सापडलं नाही, यावर माझा विश्वास बसत नाही.

आता हरकती. पहिली हरकत वेळेची, आणि ती खोटी नाही. सामाजिक तपासणी पंधरा दिवसांत पूर्ण करायची, म्हणजे समितीला मूल पहिल्यांदा समोर आल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश देता येतो, असं कलम 36 सांगतं. एका माणसाकडे अशा किती फायली असतात ते क्षेत्रातल्यांना ठाऊक आहे. अशा वेळी “घरातील वातावरण पोषक नाही” हे वाक्य फार उपयोगी पडतं, कुठेही बसतं. तीच त्याची खूण आहे. मी एकदा एकाच माणसाचे पाच अहवाल शेजारी शेजारी ठेवले. नावं झाकली तर कोणतं घर कोणाचं ते त्यालाही सांगता आलं नाही. जे वाक्य दुसऱ्या कुठल्याही घरावर लावता येतं ते या घराबद्दल काहीच सांगत नाही. आणि वेळेचं म्हणाल तर “मोरीत भांडी होती” लिहायला “अत्यंत अस्वच्छ वातावरण” पेक्षा जास्त वेळ लागत नाही. वेळ लागतो तो त्याच दिवशी लिहायला. चार दिवसांनी लिहायला बसलं की तपशील विरघळतात आणि मत तेवढं शिल्लक राहतं. भेटीची तारीख आणि लिहिल्याची तारीख दोन्ही नोंदीवर असाव्यात, एवढं जरी झालं तरी वाचणाऱ्याला बरंच कळतं.

दुसरी हरकत छापील नमुन्याची. केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांत काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांच्या तपासणी अहवालासाठी नमुना 22 आहे. चांगला, विस्तृत नमुना आहे, त्यामुळे निदान विचारायचं काय हे विसरत नाही. पण चौकटीत खूण करून मोकळं होता येतं हा त्याचा दुसरा गुण. खूण म्हणजे आधाराविनाचं मत. माझ्या मते प्रत्येक खुणेसमोर “कशावरून” इतकी एक बारीक जागा हवी होती. ती नाही, म्हणून आम्ही समासात लिहितो.

तिसरी हरकत अनुभवी लोकांची आणि तीच मला सगळ्यांत विचार करायला लावते. ते म्हणतात, वीस वर्षं घरं पाहिल्यावर दारात पाऊल टाकताच कळतं. मलाही कळतं. बहुधा बरोबरही कळतं. पण कळलं म्हणजे काहीतरी पाहिलं, ऐकलं, हुंगलं, ते शोधून काढणं हेच तर आपलं काम! समाजकार्याचा पाया घालणाऱ्या अमेरिकेतल्या मेरी रिचमंड यांनी 1917 मध्येच समाजकार्यातल्या पुराव्याची फोड करताना स्वतः पाहिलेलं, दुसऱ्याने सांगितलेलं आणि खुणांवरून ताडलेलं वेगवेगळं मांडलं होतं. शंभराहून अधिक वर्षं झाली, आपण अजून “समजते” लिहितो. आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाड्यांनी बखरींपेक्षा अस्सल कागदाला जास्त मान दिला, त्यात बखरकार खोटारडे होते एवढंच त्यांचं म्हणणं नव्हतं. बखर घटनेनंतर लिहिली जाते आणि शेवट ठाऊक असलेला माणूस ती लिहितो. आपले बरेच गृहचौकशी अहवाल बखरी असतात. शिफारस आधी ठरते, मग घर त्या शिफारशीला साजेसं दिसू लागतं.

पण केवळ तथ्य लिहिल्याने सुटका होते असंही समजू नका. “भेटीच्या वेळी आईच्या हातात मोबाइल होता.” शंभर टक्के खरं. “आईने लिपस्टिक लावली होती.” तेही खरं. दुर्लक्षाच्या प्रकरणात ही दोन वाक्यं शेजारी ठेवली की एकही विशेषण न वापरता बाईची वाट लागते. तथ्य निवडणं हेही मतच आहे. त्याला माझ्याकडे एकच उपाय आहे: हीच गोष्ट तिथे बाप असता तर लिहिली असती का, आणि मुलाशी तिचा संबंध काय, हे विचारायचं. मोबाइलवर बोलण्यात गुंतून मुलाने दोनदा हाक मारली तरी पाहिलं नाही, असं असेल तर जरूर लिहा, हाकेसकट. नुसता मोबाइल नको.

उलट टोकाचे अहवालही येतात, मत लिहिण्याची धास्ती घेतलेले. पंखा एक, पत्र्याचा डबा दोन, टीव्ही बंद. चार पानं वाचून मूल कुठे राहावं हे कळत नाही. तो पंचनामा झाला, समाजकार्य नाही. पाच सदस्यांच्या समितीला त्या घरात जाता येत नाही. गेलेल्या माणसाला काय वाटलं हे त्यांना हवंच असतं.

मुलाच्या बोलण्याबद्दल एक गोष्ट विसरू नये. मूल जे शब्द वापरतं ते तसेच लिहावेत, आपल्या शब्दांत शिजवू नयेत. “तो वंगाळ बोलतो” याचं “अश्लील शेरेबाजी करतो” करू नका. कदाचित मुलाला शिव्या म्हणायच्या असतील, कदाचित आणखी काही असेल, तो अर्थ नंतर कुणीतरी नीट विचारून काढू द्या. आणि उत्तरासोबत प्रश्नही लिहा. “काका त्रास देतो का?” असं विचारून मिळालेला “हो” आणि “घरी कोण कोण असतं?” यावर स्वतःहून आलेलं “काका असतो, मला नाही आवडत” यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. प्रश्न लिहिला नाही तर तो फरक फाइलमधून कायमचा पुसला जातो.

आता माझी सार्वजनिक मागणी. समित्यांनी कलम 99 मधलं “शकते” हे रोजच्या कामात “करतो” असं धरावं. आदेशाआधी अहवालातल्या निरीक्षणाच्या भागाचा सारांश पालकाला त्याच्या भाषेत वाचून दाखवावा आणि तो काय म्हणाला ते खाली लिहावं. याला मर्यादा आहेत आणि त्या कडक आहेत. मुलाने घरातल्या कुणाविरुद्ध काही सांगितलं असेल, अत्याचाराचा संशय असेल, तक्रार करणाऱ्या शेजाऱ्याची ओळख उघड होणार असेल, तर तो भाग वाचायचा नाही. म्हणून तर निरीक्षण, ऐकीव माहिती, मुलाचं बोलणं आणि मत हे भाग मुळातच वेगळे लिहायला हवेत. सगळं एका परिच्छेदात कालवलेलं असलं की काय वाचायचं आणि काय झाकायचं हे ठरवताच येत नाही, मग काहीच वाचलं जात नाही. आणि ज्या शिफारशीला आधाराची एकही ओळ नाही तो अहवाल समितीने परत पाठवावा. चार-दोन वेळा परत आला की लोक शिकतात, मीही तसंच शिकले. माझा पहिला अहवाल ज्या बाईंनी परत केला त्यांनी त्यावर काहीच लिहिलं नव्हतं, फक्त “जाणवले” या शब्दाभोवती गोल काढला होता.

आमच्या त्या प्रकरणात समितीने निरीक्षणाचा भाग आईला वाचून दाखवला. मी त्या दिवशी कार्यकर्तीसोबत गेले होते. काकाचं वाचून झालं, ती काही बोलली नाही. शेगडीच्या वाक्याला मात्र तिने हात वर केला. “शेगडी खाली नसते मॅडम. ओट्यावर मोरीचं पाणी झिरपत होतं म्हणून दोन दिवस खाली ठेवली होती. आता वर आहे.” एका सदस्याने ते लिहून घ्यायला सांगितलं, आणि मग विचारलं, “मग रात्री भात कोण गरम करतं?”

आमच्या कार्यकर्तीने खाली लिहिलं ते असं: “आईने लगेच उत्तर दिले नाही. नंतर म्हणाली, ‘तीच करते. कधी कधी.’”